तापमान ८२ आणि तरीही लॅपटॉप अडकतो : एका गेमिंग लॅपटॉपचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कसबा बावड्यातला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन दुकानात आला. मी कोल्हापुरात गेली काही वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं 'गेम अडकतोय' ही तक्रार मला नवी नाही. दहापैकी सात-आठ वेळा पंख्यातला धूळकचरा काढला आणि नवी पेस्ट लावली की काम होतं. पण या मुलानं बोलायला सुरुवात केली तीच अशी, की माझा नेहमीचा इलाज पहिल्या वाक्यातच बाद झाला.

"दादा, गरम व्हायचा प्रश्न नाही. सर्व्हिसिंग करूनच आणलंय की. तापमान बघतोय मी, ऐंशीच्या वर फारसं जात नाही. तरी अडकतंय."

लॅपटॉप साडेतीन-चार वर्षांचा, i7-10750H प्रोसेसर आणि GTX 1660 Ti ग्राफिक्सचा. त्यानं आधीच बरंच करून पाहिलं होतं. विंडोज नव्यानं टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा बदलला, रॅम ८ जीबीवरून १६ केली. कुणीतरी एसएसडी खराब असेल म्हणून सांगितलं, तर तीही बदलायच्या तयारीत होता. घरच्यांचे चारेक हजार रुपये असेच गेले होते आणि वडिलांनी आता एक रुपयाही देणार नाही असं बजावलं होतं.

मी त्याला 'अडकतंय' म्हणजे नक्की काय होतं ते नीट सांगायला लावलं, कारण या एका शब्दात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. नेटमुळं अडकत असेल तर आपला कॅमेरा फिरत राहतो, माऊस चालतो, पण समोरचे खेळाडू उड्या मारल्यासारखे इकडून तिकडं जातात. दुसरा प्रकार झटक्यांचा. चित्र थांबत नाही, पण दर काही क्षणांनी ठेच लागल्यासारखं होतं. तिसरा प्रकार म्हणजे सगळंच गोठतं. माऊसचा बाण जागच्या जागी, आवाज खरखरत एकाच सुरावर अडकलेला, आणि चार-पाच सेकंदांनी जणू काही झालंच नाही असं पुन्हा सुरू.

त्याचा आजार तिसरा होता. पण बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली, जी त्यानं आपणहून सांगितली नव्हती. फेब्रुवारीपर्यंत त्याला दुसरा प्रकार होता, म्हणजे झटके. म्हणून त्यानं लॅपटॉप एका दुकानात देऊन साफ करून घेतला, पेस्ट बदलून घेतली. झटके थांबले. आणि तीनेक आठवड्यांनी हे गोठणं सुरू झालं.

इथं माझे कान टवकारले. एक आजार गेला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि दोघांच्या मधे लॅपटॉप एकदा उघडला गेला होता.

त्याच्या मोबाइलमध्ये सर्व्हिसिंगच्या आधीचा स्क्रीनचा एक फोटो सापडला. त्यात प्रोसेसर ९८ ते १०० अंशांवर होता आणि वेग ४ गिगाहर्ट्झवरून ३ च्या आसपास खालीवर होत होता. हे आपल्याला ओळखीचं चित्र आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश. तिथं पोहोचला की तो स्वतःच वेग थोडा कमी करतो, दोन अंश थंड होतो, पुन्हा वेग वाढवतो, पुन्हा तापतो. हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो. सरासरी फ्रेम ६० च दिसतात, पण बहुतेक फ्रेम १२ मिलिसेकंदांत येतात आणि मधूनच एखादी ३५ घेते, आणि डोळ्याला तेच झटके म्हणून जाणवतं. त्या दुकानानं हा आजार खरोखर बरा केला होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मग आता ८२ अंशांवर का गोठतंय?

मी तापमान, वेग आणि वीज यांचे आकडे दाखवणारं HWiNFO64 लावलं, फक्त सेन्सर दाखवण्याच्या पद्धतीत. हे साधन फुकट मिळतं, पण ते वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे ते मूळ सेटिंगवर दर दोन सेकंदांनी आकडे घेतं. चार सेकंदांच्या गोठण्यात दोनच नोंदी मिळतात, म्हणून मी ते एक सेकंदावर आणलं. दुसरी गोष्ट, गेम सुरू असताना समोर बघून काही कळत नाही. गोठलेल्या क्षणी स्क्रीनवर दिसणारे आकडेही गोठलेलेच असतात, आणि मुलगा तापमान बघत होता ते नेमकं याच पद्धतीनं. नोंद फाइलमध्ये जायला हवी. खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की सगळे आकडे CSV फाइलमध्ये लिहिले जातात. मग सावकाश बसून वाचता येतात.

दुकानात चाळीस मिनिटं गेम चालवला. एकदाही अडकला नाही.

मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता मी 'काही नाही झालंय' म्हणून परत पाठवणार. पण माझ्या दुकानात एसी आहे आणि आत २६ अंश होतं. तो खेळतो ती खोली माडीवरची, पत्र्याची. मी त्याला म्हटलं, "उद्या दुपारी घरी येतो. जसा रोज खेळतोस तसाच खेळायचं, माझ्यासाठी काही बदलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गेलो. त्याच्या आईनं ताक दिलं आणि म्हणाली, "ह्या पत्र्याखाली माणूस बसत न्हाई, तिथं ते यंत्र कसं बसंल?" खोलीत ३५ अंश होतं. लॅपटॉप टेबलावर, खाली स्टँड, मागं हवेला जागा, चार्जर लावलेला. त्याच्या मांडणीत चूक काढण्यासारखं काही नव्हतं. गेम सुरू केला आणि सतराव्या मिनिटाला तो पहिल्यांदा गोठला. त्या क्षणाच्या फाइलमधल्या ओळी अशा होत्या, बाकीचे रकाने काढून :

```
Time,CPU Package [°C],Core Clocks (avg) [MHz],CPU Package Power [W],IA: PROCHOT [Yes/No]
16:52:07,82,3866,46.2,No
16:52:08,82,3841,45.8,No
16:52:09,74,798,8.1,Yes
16:52:10,69,798,7.6,Yes
16:52:11,67,798,7.7,Yes
16:52:12,66,798,7.5,Yes
16:52:13,75,3790,44.0,No
```

या सात ओळी म्हणजे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबू.

प्रोसेसर ८२ अंशांवर होता, म्हणजे त्याच्या मर्यादेपासून १८ अंश खाली. त्याला स्वतःला घाबरायचं काही कारण नव्हतं. तरीही एका सेकंदात त्याचा वेग ३८४१ वरून ७९८ मेगाहर्ट्झवर कोसळला. झटक्यांच्या आजारात वेग पायरी-पायरीनं उतरतो आणि थोडाच उतरतो. इथं तो कड्यावरून पडल्यासारखा थेट तळाला गेला. ८०० मेगाहर्ट्झवर आजचा कुठलाही मोठा गेम चालूच शकत नाही, ध्वनीसुद्धा वेळेवर पोहोचत नाही, म्हणून तो खरखर आवाज. तापमानाचा रकाना या चार सेकंदांत उलट कमी होत गेला. नुसतं तापमान बघणाऱ्याला वाटणार, अडकलं तेव्हा तर मशीन थंड होतं!

आता शेवटचा रकाना बघा. PROCHOT ही प्रोसेसरची एक तार आहे. मुळात ती प्रोसेसरनं 'मी तापलोय' असं बाहेर सांगायला होती. पण ती दोन्ही बाजूंनी चालते. बोर्डावरचा दुसरा कुठलाही भाग संकटात आला तर तोही हीच तार ओढू शकतो, आणि मग प्रोसेसर का, कशासाठी असं काही न विचारता तळाच्या वेगाला जातो. स्वतःचं तापमान ८२ असताना इथं Yes दिसतंय, म्हणजे हाक बाहेरून आली आहे. शेजारी IA: VR Thermal Alert नावाचा आणखी एक रकाना असतो, तो मात्र पूर्ण वेळ No होता. त्यावरून फसायचं नाही, कारण बऱ्याच बोर्डांवर वीजपुरवठ्याच्या भागाचा इशारा त्या वाटेनं न जाता सरळ PROCHOT च्या तारेवर येतो.

तार कोण ओढतंय, हे मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं. संशयित तीन होते : चार्जर, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग.

चार्जर कमी पडत असेल तर गेम सुरू असताना बॅटरी हळूहळू उतरते आणि Charge Rate चा आकडा उणे दिसतो. इथं तो शून्याच्या आसपास होता. शिवाय चार्जरचा दोष थंड मशीनवरही, भार पडल्या पडल्या दिसायला हवा, त्याला सतरा मिनिटं लागायचं कारण नाही. ग्राफिक्स कार्ड ७४ अंशांवर होतं आणि त्याचं काम प्रोसेसर कोसळल्यानंतर पुढच्या सेकंदाला घटलं, आधी नाही. म्हणजे ते बिचारं प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं.

उरला तिसरा. आणि त्याच्याविरुद्ध एक पुरावा फाइलमध्येच होता. पहिलं गोठणं सतराव्या मिनिटाला आलं, पण त्यानंतरचं दर ४० ते ५० सेकंदांनी येत राहिलं. चार सेकंद विश्रांती मिळाली की सुटायचं, आणि पाऊण मिनिटात पुन्हा तेच. आसपासचा सगळा धातू एकदा तापून मुरला की एखादा छोटासा भाग असाच वागतो. त्याचं स्वतःचं वस्तुमान इतकं कमी असतं की तो क्षणात थंड होतो आणि तितक्याच लवकर पुन्हा पेटतो. तांब्याचा मोठा हीटसिंक असं वागत नाही.

पक्कं करायला मी तिथंच एक सोपी चाचणी केली. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की टर्बो बंद होतो आणि हा प्रोसेसर त्याच्या मूळ २.६ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. एक टक्क्याचा फरक नावाला, पण वीज निम्म्यावर येते.

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive scheme_current
```

आता प्रोसेसर २२ ते २५ वॅट घेत होता. त्याच पत्र्याखाली, त्याच दुपारी पन्नास मिनिटं खेळ झाला, PROCHOT एकदाही Yes झाला नाही. फ्रेम कमी झाल्या, पण गोठणं नाही. ९९ च्या जागी पुन्हा १०० टाकलं आणि नऊ मिनिटांत आजार परत आला. (ही चाचणी कुणालाही घरी, लॅपटॉप न उघडता करता येते, म्हणून आज्ञा इथं पूर्ण दिल्या आहेत. नंतर १०० करायला विसरू नका.)

एवढ्यात मुलानं मोबाइल पुढं केला. कुठल्याशा व्हिडिओत ThrottleStop या प्रोसेसरची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधली BD PROCHOT ची खूण काढून टाकायला सांगितलं होतं. "हे केलं की थांबतंय म्हणे." खरंच थांबलं असतं. ती खूण काढली की प्रोसेसर बाहेरची हाक ऐकणंच बंद करतो. स्वतःच्या १०० अंशांची मर्यादा तो तरीही पाळतो, त्यामुळं वरवर सगळं सुरक्षित वाटतं. पण जो भाग हाक मारत होता तो तसाच भाजत राहतो. हा वीजपुरवठ्याचा भाग चार्जरकडून येणारे १९-२० व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण १ व्होल्ट देतो. ४५ वॅट एका व्होल्टला म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास अँपिअर, आणि ते सगळे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या काही मॉसफेटमधून, म्हणजे विजेच्या इवल्याशा स्विचमधून जातात. त्यात दहा टक्के वाया गेले तरी साडेचार वॅट उष्णता एवढ्याशा जागेत साचते. एक मॉसफेट आतून शॉर्ट झाला की पाठोपाठ प्रोसेसर जाऊ शकतो, आणि या लॅपटॉपमध्ये तो बोर्डावरच डकवलेला आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, ही खूण काढायची असेल तर लॅपटॉप माझ्याकडे आणू नकोस. जरा जोरातच बोललो, पण असे गेलेले बोर्ड मी टेबलावर पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला. आधी बॅटरीची पिन काढली, मग हीटसिंकचे स्क्रू त्यावर कोरलेल्या क्रमांकांच्या उलट क्रमानं, थोडे थोडे सैल करत. प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या चिपवरची पेस्ट चांगली होती, पंखे स्वच्छ. प्रोसेसरच्या शेजारी मॉसफेट आणि कॉइलची रांग असते आणि तिच्यावर हीटसिंकची एक सपाट पट्टी येते. या दोहोंमध्ये मऊ थर्मल पॅड असतो. इथं तो फाटलेला होता. अर्धा तुकडा पट्टीला चिकटून राहिलेला, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत कुणीतरी पांढरी पेस्ट फासली होती. ती सुकून भुगा झाली होती आणि त्या बाजूचे तीन मॉसफेट पट्टीला टेकतच नव्हते.

पेस्ट ही दोन घट्ट टेकलेल्या पृष्ठभागांमधली बारीक फट बुजवायला असते, मिलिमीटरभर जागा भरायला नाही. ओली असताना तिनं थोडीफार उष्णता नेली असेल, म्हणून तीन आठवडे निभावलं. सर्व्हिसिंगनंतर लगेच त्रास का झाला नाही याचं उत्तर इथं मिळालं. दुसरंही एक कोडं सुटलं. आधी प्रोसेसरच १०० वर अडखळायचा, त्यामुळं त्याची वीज आपोआप कमी व्हायची. पेस्ट बदलल्यावर तो थंड राहू लागला आणि बिनधास्त ४६ वॅट ओढू लागला, आणि तो सगळा भार उघड्या पडलेल्या मॉसफेटवर आला.

पुढची पायरी सोपी वाटते, पण मी तिथं चुकलो. माझ्याकडे १.५ मिलिमीटरचा पॅड होता. पॅड मऊ असतो, दबेल, असं समजून तोच लावला. लॅपटॉप सुरू करून गेम लावला तर दोन मिनिटांत प्रोसेसर ९७ वर. जाड पॅडनं हीटसिंक एका बाजूनं उचलला होता आणि प्रोसेसरच्या चिपवरचा दाब गेला होता. शेजारच्या भागाला वाचवताना मुख्य चिपच उपाशी पडली. लगेच बंद करून पुन्हा उघडलं.

मग रीतसर मोजमाप केलं. मुलांच्या खेळण्यातल्या तेलकट रंगीत मातीची छोटी गोळी प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून मॉसफेटवर ठेवली, हीटसिंक पूर्ण आवळला, पुन्हा काढला आणि दबलेली गोळी मोजली. माझ्याकडे व्हर्निअर नव्हता. उद्यमनगरात माझा एक मित्र टर्नर आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून तीन ठिकाणी मोजलं : ०.८, ०.९, ०.८. म्हणजे १ मिलिमीटरचा पॅड, जो दबून नेमका बसेल. शिल्लक राहिलेला मूळ तुकडाही दबलेल्या अवस्थेत ०.८ भरला, तेव्हा खात्री पटली. मातीवर प्लास्टिक गुंडाळायचं विसरू नये, नाहीतर तिचा तेलकट थर मॉसफेटवर राहतो आणि तो पुसत बसावं लागतं.

१ मिलिमीटरचा पॅड पूर्ण रांगेवर लावला, जुना तुकडाही काढून टाकला, दोन्ही चिपवर पेस्ट नव्यानं लावली. हीटसिंक उचलला की जुनी पेस्ट पुन्हा वापरायची नसते, कितीही चांगली दिसली तरी. दुकानातला एसी बंद केला, शटर अर्धं ओढलं, आतलं तापमान ३३ पर्यंत चढू दिलं आणि पाऊण तास गेम चालवला. प्रोसेसर ८४ ते ८६, वेग ३.७ ते ३.९ गिगाहर्ट्झ, PROCHOT सुरुवातीपासून शेवटपर्यंत No. प्रोसेसर आधीपेक्षा दोन ते चार अंश जास्त तापलेला दिसतो, कारण मॉसफेटची उष्णता आता त्याच हीटसिंकमध्ये उतरते. मुलगा हा आकडा बघून दचकला होता. त्याला दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून दाखवल्या आणि तापमानाचा रकाना झाकून फक्त वेग आणि PROCHOT वाचायला लावलं.

एक बारीक झटका अजून उरला आहे. गेममध्ये नवा नकाशा उघडताना प्रोसेसर काही सेकंद पूर्ण टर्बो घेतो आणि ९५ ला शिवून येतो. हा त्या मॉडेलच्या हीटसिंकचा आकारच आहे, तो पॅडनं जाणार नाही, आणि मी तो जाईल असं सांगितलंही नाही.

मेच्या मध्यावर त्यानं पुन्हा एक CSV पाठवली, दुपारी तीनची, सोबत खोलीतल्या तापमापीचा फोटो : ३७. एक तास बारा मिनिटांची नोंद. मी पहिल्यांदा शेवटचा रकाना Yes साठी शोधून पाहिला. एकही सापडला नाही. फाइल त्याच्या नावानं ठेवून दिली आहे. दिवाळीत पंखे साफ करायला येईल तेव्हा त्याच खोलीत, तोच गेम लावून पुन्हा नोंद घेऊ आणि दोन्ही ताडून बघू.